सूची आणि पृष्ठशीर्षके कशी तपासावीत : नव्या मुद्रितशोधकांसाठी

पुस्तकाच्या मजकुराची मुद्रिते वाचून झाली की दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे शेवटी छापली जाणारी व्यक्ती, स्थळे आणि विषय यांची सूची, आणि दुसरी म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावर येणारी पुस्तकाच्या किंवा प्रकरणाच्या नावाची ओळ, जिला पृष्ठशीर्षक म्हणतात आणि छापखान्यात सर्रास ‘हेडर’. या दोन्ही गोष्टी मजकुरासारख्या सलग वाचून तपासता येत नाहीत. सूचीत वाक्य नसते, त्यामुळे चुकीचा पृष्ठांक वाचताना खटकत नाही. हेडर तर डोळ्यांच्या इतका सवयीचा होतो की तो दिसेनासाच होतो. म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळ्या फेऱ्या कराव्या लागतात, आणि त्या फेऱ्यांचा क्रमही ठरलेला असावा लागतो.

पुढील विवेचनासाठी मी तपासलेले एक पुस्तक उदाहरण म्हणून घेतो. एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या समाजजीवनावरचा तो ग्रंथ होता. आरंभीची सोळा पाने ‘एक, दोन, तीन’ अशा अक्षरी क्रमांकांची आणि पुढची २७२ पाने अंकी क्रमांकांची, म्हणजे सोळापानी अठरा फर्मे. शेवटची आठ पाने दोन रकान्यांतल्या सूचीची होती आणि तिच्यात सुमारे सहाशे नोंदी होत्या.

पाने स्थिरावली आहेत का, हे आधी विचारावे

सूची हाती आल्यावर पहिला प्रश्न सूचीकाराला किंवा संपादकाला विचारावा, की ही सूची कोणत्या मुद्रितावरून केली आहे. पाने लावून झाल्यावर जे मुद्रित निघते त्यावरून सूची तयार होते, पण त्यानंतरही लेखक एखादी तळटीप वाढवतो, एखादे चित्र घातले जाते, आणि मजकूर पुढे सरकतो. सूचीतले आकडे मात्र जुन्याच पानांचे राहतात. मजकुरात कोठे काय बदलले याची यादी मिळाली तर अर्धे काम हलके होते. ती मिळत नसेल तर सूची ज्यावरून केली ते मुद्रित आणि आताचे मुद्रित शेजारी ठेवून प्रत्येक पानाची पहिली व शेवटची ओळ जुळवून पाहावी. २७२ पानांना यासाठी तास-दीड तास लागतो आणि तो वेळ पुढे अनेक पटींनी वसूल होतो.

आमच्या पुस्तकात दोन बदल झाले होते. चौथे प्रकरण आधी ८३ ते १०३ पानांवर होते, १०४ हे पान कोरे होते आणि पाचवे प्रकरण उजव्या हाताच्या १०५व्या पानावर सुरू होत होते. या प्रकरणात ९६व्या पानानंतर एक पूर्ण पानाचा नकाशा घालण्यात आला. नकाशा ९७वर बसला, जुने ९७ हे ९८ झाले आणि जुने १०३ हे १०४ झाले. कोरे पान भरून गेले आणि पाचवे प्रकरण होते तेथेच, १०५वर, राहिले. दुसरा बदल सहाव्या प्रकरणातला. ते १३१ ते १५८ पानांवर होते. लेखकाने १४२व्या पानावर एक लांब तळटीप घातली, तिने मजकूर काही ओळींनी पुढे ढकलला आणि प्रकरणाच्या शेवटच्या पाच ओळी १५९व्या पानावर गेल्या. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करण्याचा नियम असल्यामुळे १६० कोरे सोडावे लागले आणि सातवे प्रकरण १५९ऐवजी १६१वर गेले.

याचा सूचीवर झालेला परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे. ९६पर्यंतचे सर्व पृष्ठांक बरोबर होते. ९७ ते १०३ हे सगळे एकने मागे राहिले. १०५ ते १४१ पुन्हा बरोबर. १४२ ते १५८ या पट्ट्यात, पानाच्या तळाशी असलेला मजकूरच तेवढा पुढच्या पानावर गेल्यामुळे, काही आकडे बरोबर होते आणि काही एकने मागे होते. १५९पासून पुढचे सर्व आकडे दोनने मागे होते. सूचीतले आठ-दहा आकडे वानगीदाखल तपासून समाधान मानणाऱ्याच्या वाट्याला नेमके ५०, ७४, ११२, १२८ असे आकडे आले असते, तर सूची निर्दोष आहे असेच त्याला वाटले असते. म्हणून नमुना घ्यायचाच असेल तर तो प्रत्येक प्रकरणाच्या आरंभाचा, मध्याचा आणि शेवटचा घ्यावा. कोठेही एकदा फरक सापडला की त्या प्रकरणातला एकूण एक आकडा तपासावा.

पहिली फेरी : पृष्ठशीर्षके

ही फेरी सूचीच्या आधी करावी, कारण प्रकरणांच्या सीमा आणि नावे याच फेरीत पक्की होतात. सुरुवातीला कागदावर चार रकाने आखावेत आणि प्रत्येक प्रकरणाचे नाव अनुक्रमणिकेत, प्रकरणाच्या पहिल्या पानावर, पृष्ठशीर्षकात आणि मजकुरात इतरत्र उल्लेख असेल तेथे कसे छापले आहे ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. हे हाताने लिहिण्याचा कंटाळा करू नये. नुसते डोळ्याने ताडून पाहिले की मन आधीच माहीत असलेले नाव वाचते. लिहिताना मात्र ‘स्त्रीशिक्षण’ आणि ‘स्त्री-शिक्षण’ यांतला फरक बोटांना कळतो.

यानंतर पाने उलटत फक्त माथ्याची ओळ पाहावी. मजकुरावर एक कोरा कागद धरला तर नजर खाली घसरत नाही. आधी सगळी डावी, म्हणजे सम क्रमांकाची पाने पाहावीत. तेथे साधारणपणे पुस्तकाचे नाव असते. नंतर सगळी उजवी पाने पाहावीत, जेथे प्रकरणाचे नाव असते. दोन्ही एकत्र पाहिली तर नजर एकाआड एक येणाऱ्या दोन ओळींत गुंतते आणि प्रकरण बदलले तरी नाव बदललेले नाही हे निसटते. प्रकरणाच्या पहिल्या पानावर, कोऱ्या पानावर आणि पूर्ण पानाच्या चित्रावर हेडर सहसा नसतो. तो चुकून आलेला असेल तर खूण करावी. आमच्या नव्या नकाशाच्या माथ्यावर तो आलेला होता.

सर्वांत जास्त चुका प्रकरणांच्या सीमेवर सापडतात. मागच्या प्रकरणाचे नाव पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या काही पानांवर टिकून राहते, आणि सूचीच्या पानांवर शेवटच्या प्रकरणाचे नाव हटकून राहते. दुसरी नेहमीची चूक नाव उशिरा बदलल्यामुळे होते. आमच्या पाचव्या प्रकरणाचे मूळ नाव ‘स्त्रीशिक्षणाचा आरंभ’ होते. लेखकाने ते ‘मुलींच्या शाळांचा आरंभ’ असे केले, अनुक्रमणिकेत आणि १०५व्या पानावर ते बदललेही गेले, पण १०७पासून १२९पर्यंतच्या बारा उजव्या पानांवर जुनेच नाव उभे होते. शिवाय दुसऱ्या प्रकरणातल्या एका तळटीपेत ‘पाहा : स्त्रीशिक्षणाचा आरंभ’ असा निर्देश शिल्लक होता, आणि तो चौथ्या रकान्यामुळेच हाती लागला.

नाव लांब असेल तर हेडरमध्ये ते आखूड करतात, आणि ते चूक नाही. मात्र आखूड रूप मूळ नावातल्याच शब्दांचे असावे आणि प्रकरणभर एकच असावे. मूळ नाव पानावर दोन ओळींत तोडलेले असेल तर हेडरमध्ये ते एका ओळीत येताना तोडलेल्या जागी दोन शब्द चिकटलेले नाहीत ना, हेही पाहावे. याच फेरीत अनुक्रमणिकेतले पृष्ठांक प्रत्यक्ष पानांशी ताडून घ्यावेत. आमच्या अनुक्रमणिकेत सातव्या प्रकरणासमोर १५९ हाच आकडा राहिलेला होता.

दुसरी फेरी : पृष्ठांक

या फेरीत क्रमाकडे लक्ष देऊ नये. प्रत्येक नोंद घ्यावी, प्रत्येक आकड्याच्या पानावर जावे, तेथे ती व्यक्ती किंवा तो विषय खरोखर आहे हे पाहावे आणि आकड्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका द्यावा. ठिपका नसलेला आकडा तपासलेला नाही, एवढा कडकपणा पाळावा. सहाशे नोंदींना मला पूर्ण दोन दिवस लागले.

पीडीएफमध्ये शब्द शोधून हे काम उरकण्याचा मोह होतो आणि मराठीत तो विशेष फसवा आहे. आपली नामे विभक्ती लागताना रूप बदलतात. ‘पुणे’ शोधले तर ‘पुण्यात’ सापडत नाही, ‘रानडे’ शोधले तर ‘रानड्यांनी’ सापडत नाही, आणि ‘फुले’ शोधले तर ‘फुल्यांचे’ हुकते. त्यातच अनेक पीडीएफमध्ये देवनागरीची अक्षरे आतून अशी साठवलेली असतात की पडद्यावर स्पष्ट दिसणारा शब्दही शोधात येत नाही. म्हणून सापडलेला शब्द हा पुरावा धरावा, पण न सापडणे हा पुरावा धरू नये. पान उघडून वाचावे.

एक नोंद पूर्ण सोडवून दाखवतो. सूचीत असे होते :

रानडे, रमाबाई ८८, ९९, १४७, १७३-१७५, २११

८८ बरोबर होते. ९९वर त्यांचा उल्लेख नव्हता, तो नकाशामुळे १००वर गेला होता. १४७ हा आकडा तळटिपेनंतरच्या गोंधळाच्या पट्ट्यातला असल्यामुळे मी १४७ आणि १४८ अशी दोन्ही पाने वाचली. मजकूर पानाच्या वरच्या भागात असल्यामुळे १४७वरच राहिला होता. १७३-१७५ चे १७५-१७७ झाले. २११ चे नियमाने २१३ व्हायला हवे होते, आणि २१३वर ‘रमाबाई’ हे नाव होतेही. पण तो परिच्छेद शारदा सदन मुंबईहून पुण्यास आणल्याबद्दलचा होता, म्हणजे त्या रमाबाई रानडे नव्हत्या, पंडिता रमाबाई होत्या. नुसती बेरीज करून आकडे दुरुस्त केले असते तर ही चूक नव्या आकड्यानिशी पुन्हा छापली गेली असती. म्हणून पाने किती सरकली हे माहीत असले तरी त्या हिशेबाचा उपयोग कोठे पाहायचे हे कळण्यापुरताच करावा. आकडा मान्य करायचा तो पान वाचूनच.

सरकलेल्या पट्ट्याच्या काठावरचे पल्ले वेगळे पाहावे लागतात. ‘१०२-१०६’ या नोंदीत पहिला आकडा १०३ झाला आणि दुसरा तसाच राहिला. आकड्यांचा चढता क्रम, पल्ल्यातला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असणे, आणि प्रस्तावनेचे अक्षरी पृष्ठांक अंकी पृष्ठांकांच्या आधी येणे, या गोष्टी ठिपके देता देताच दिसतात. देवनागरी अंकांत १ आणि ९, तसेच ३ आणि ६ यांची अदलाबदल बारीक टाइपात सहज होते. मजकूर २६४ पानांत संपत असताना ‘२९४’ असा आकडा दिसला तर ‘२१४’ उघडून पाहावे, बहुधा तेथे मजकूर मिळतो.

शेवटी उलट दिशेनेही थोडे तपासावे. दर दहावे पान घेऊन त्यावरची विशेषनामे सूचीत आहेत का ते पाहावे. सूचीत जे मुळातच नाही ते सूची वाचून कधीच कळत नाही. दोन-तीन पानांवर एकाच प्रकारची गळती दिसली, उदाहरणार्थ तळटीपांतली सगळीच नावे सुटलेली दिसली, तर ती दुरुस्ती आपण करत बसू नये. सूचीकाराला कळवावी.

तिसरी फेरी : नोंदींची शीर्षके

आता आकडे झाकून फक्त नावे वाचावीत. नावाचे लेखन मजकुराशी जुळते का, हा पहिला प्रश्न. मजकुरात सर्वत्र ‘जोतीराव’ असेल आणि सूचीत ‘ज्योतिराव’ असेल तर शुद्ध कोणते याचा वाद मुद्रितशोधकाने घालायचा नसतो. मजकुराप्रमाणे सूची करावी आणि शंका असेल तर पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह करावे. दुसरा प्रश्न, एकच व्यक्ती दोन नोंदींत विभागली गेली आहे का. ‘देशमुख, गोपाळ हरी’ आणि ‘लोकहितवादी’ या दोन्ही नोंदींपुढे वेगवेगळे आकडे असतील तर एका ठिकाणी सर्व आकडे आणून दुसऱ्या ठिकाणी ‘पाहा’ असा निर्देश हवा. तिसरा प्रश्न याच्या उलट आहे : दोन व्यक्ती एका नोंदीत मिसळल्या आहेत का. रमाबाईंचे वर आलेच. या काळावरच्या पुस्तकात विष्णुशास्त्री पंडित आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची अशीच गल्लत होते, कारण मजकुरात दोघांचाही उल्लेख पुष्कळदा नुसता ‘विष्णुशास्त्री’ असा असतो.

प्रत्येक ‘पाहा’ चा माग काढावा. तो ज्या शीर्षकाकडे पाठवतो ते शीर्षक त्याच शब्दांत अस्तित्वात असले पाहिजे आणि त्यापुढे आकडे असले पाहिजेत. ‘पाणीपुरवठा : पाहा कात्रज तलाव’ आणि ‘कात्रज तलाव : पाहा पाणीपुरवठा’ असे परस्परांकडे बोट दाखवणारे निर्देश मी प्रत्यक्ष पाहिले आहेत, आणि दोन्हींकडे एकही पृष्ठांक नव्हता.

चौथी फेरी : वर्णक्रम

क्रम सर्वांत शेवटी तपासावा, कारण शीर्षक दुरुस्त झाले की नोंदीची जागा बदलते. ‘ज्योतिराव’ चे ‘जोतीराव’ झाले की ती नोंद जोडाक्षरांतून उठून ‘जो’मध्ये जाते.

मराठीत वर्णक्रमाचे काही मुद्दे संस्थेगणिक वेगळे असतात, त्यामुळे तपासण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे संपादकाकडून लिहून घ्यावीत. अनुस्वार असलेले अक्षर साध्या अक्षराच्या आधी घ्यायचे की बाराखडीप्रमाणे ‘कौ’च्या नंतर? क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी की अनुक्रमे क आणि ज यांच्या जोडाक्षरांत? ॲ आणि ऑ कोठे? आणि शब्दांमधली मोकळी जागा मोजायची की नाही? शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातील वर्णमालेत ॲ हा ए नंतर, ऑ हा ओ नंतर, ळ हा ह नंतर आणि क्ष, ज्ञ सर्वांत शेवटी आहेत. आमच्या प्रकाशकाने हीच मांडणी घेतली होती आणि अनुस्वार मात्र आधी ठेवला होता.

मोकळ्या जागेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याने क्रम खरोखर बदलतो. जागा मोजली, म्हणजे आधी पहिला शब्द पुरता पाहिला, तर ‘पुणे करार, पुणे नगरपालिका, पुणेकर’ असा क्रम लागतो. जागा न मोजता सलग अक्षरे पाहिली तर ‘पुणेकर, पुणे करार, पुणे नगरपालिका’ असा लागतो. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एका सूचीत एकच असावी.

रफाराने नवा माणूस हमखास फसतो. ‘कर्वे’मध्ये रफार ‘वे’वर दिसतो, पण र् हा व च्या आधीचा वर्ण आहे, म्हणून हे नाव ‘कव’मध्ये शोधायचे नसून ‘कर’च्या अखेरीस, जोडाक्षरांत, शोधायचे असते. अनुस्वार आधी घेतला तर क्रम असा येतो : करंदीकर, करमरकर, करवीर, कराची, कर्वे. र वर अनुस्वार, मग साधा र, मग काना, आणि सर्वांत शेवटी पाय मोडलेला र्. हा पाच नावांचा क्रम एकदा पाठ झाला की बाकीच्या व्यंजनांना तोच लावता येतो.

सूची संगणकाने लावलेली असेल तर चुका कोठे असतील हे आधीच सांगता येते, कारण मराठीसाठीचे नियम बसवलेले नसतील तर संगणक अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकाने चालतो. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. म्हणून आमच्या सूचीत ‘पालखी सोहळा, पाळीव जनावरे, पाषाण तलाव’ असे लागले होते. मराठीप्रमाणे ‘पालखी सोहळा, पाषाण तलाव, पाळीव जनावरे’ हवे. १८४९ साली पुण्यात निघालेले ‘ज्ञानप्रकाश’ हे पत्र ‘ज्योतिष’च्या वर, ज मध्ये, बसले होते. ॲ चा सांकेतिक क्रमांक ह च्याही नंतरचा असल्यामुळे एका संस्थेचे नाव थेट सूचीच्या टोकाला गेले होते, आणि तेच नाव दुसऱ्या जागी ‘अ’वर चंद्र देऊन टाइप केल्यामुळे अ मध्येही होते. दिसायला दोन्ही सारखीच, पण नोंदी दोन आणि आकडे वाटले गेलेले. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात जुळवलेली सूची संगणकाने लावलेली असेल तर मात्र चुका शोधत बसण्यात अर्थ नाही. ती पुन्हा लावून मागावी.

प्रत्यक्ष तपासताना एक पुठ्ठा घेऊन तो नोंदीनोंदीने खाली सरकवावा आणि प्रत्येक नोंद फक्त तिच्या लगेच वरच्या नोंदीशी ताडावी. सगळ्या जोड्या बरोबर असल्या की सगळी सूची बरोबर असते. रकाना संपून दुसरा सुरू होतो आणि पान संपून दुसरे सुरू होते तेथली जोडी नेमकी राहून जाते, म्हणून रकान्याची शेवटची नोंद कागदावर लिहून घेऊन पुढच्या रकान्याच्या डोक्याशी धरावी. पोटनोंदींचा क्रम वेगळा पाहावा. त्या वर्णक्रमाने आहेत की पृष्ठक्रमाने, हे संपूर्ण सूचीत सारखे असावे.

दुरुस्त्या होऊन सूची परत आली की हलवलेली प्रत्येक नोंद दोन ठिकाणी पाहावी लागते : जेथून उठली तेथे तिची जुनी प्रत उरलेली नाही ना, आणि जेथे बसली तेथे वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांशी तिचा क्रम जुळतो ना. नोंदी इकडून तिकडे गेल्यामुळे रकाने पुन्हा भरले जातात आणि शेवटच्या रकान्यात न मावणारी ओळ कोणताही इशारा न देता पानाबाहेर राहू शकते. त्यामुळे सूचीतली शेवटची नोंद, जी आमच्या पुस्तकात दुरुस्तीनंतर ‘ज्ञानप्रकाश’ ही झाली होती, २७२व्या पानाच्या दुसऱ्या रकान्यात तिच्या सर्व पृष्ठांकांसह छापली गेली आहे हे पाहिल्यावरच मी पाने परत पाठवली.